दुधाच्या तक्त्यातील बेरीज वारंवार चुकते: शीर्षकातील एकक, उजव्या कडेचे अंक आणि समान दशांश यांची दुरुस्ती

दूध संकलन केंद्रांच्या एक्सेल शीटमध्ये एक तक्रार मला वारंवार ऐकू येते. तक्ता वरवर नीट दिसतो, प्रत्येक उत्पादकाची रक्कम बरोबर असते, पण लिटरची बेरीज कॅनमधल्या दुधाशी जुळत नाही. कोणीतरी चूक शोधून एक-दोन सेल पुन्हा टंकतो, बेरीज जुळते आणि पुढच्या दहा दिवसांच्या बिलात तीच तक्रार परत उभी राहते. अशा वेळी बहुतेकांना सूत्राचा संशय येतो. माझ्या अनुभवात सूत्र क्वचितच चुकलेले असते. दोष तक्ता लिहिण्याच्या पद्धतीत असतो: एकक शीर्षकात न लिहिता सेलमध्ये लिहिलेले असते, अंक रकान्यात कुठेही चिकटलेले असतात आणि दशांशस्थळे प्रत्येक ओळीत वेगळी असतात.

पुढे एका सकाळच्या संकलनाचा लहान तक्ता घेतला आहे. खऱ्या शीटमध्ये अशा ऐंशी-नव्वद ओळी असतात, पण दोष समजण्यासाठी सहा पुरेशा आहेत. दर केवळ उदाहरणापुरते आहेत. लेखात अंक देवनागरीत छापले असले, तरी शीटमध्ये ते नेहमीच्या इंग्रजी अंकांत टंकलेले आहेत असे समजावे.

| क्र. | दूध | फॅट | एसएनएफ | दर | रक्कम |
|:---|:---|:---|:---|:---|:---|
| १०१ | १२.५ | ३.८ | ८.५ | ३५.६ | ४४५ |
| १०२ | ७ लि. | ४% | ८.६ | ३६.४ | २५४.८ |
| १०३ | ९.३ | ३.५ | ८.४ | ३४.७५ | ३२३.१७५ |
| १०४ | ११८.४ | ३.६ | ८.५ | ३५.१५ | ४१६१.७६ |
| १०५ | ६.७ | ३.४ | ८.५ | ३४.४५ | २३०.८१५ |
| १०६ | २१ | ३.९ | ८.६ | ३६.०५ | ७५७.०५ |
| एकूण | १६१.२ | | | | ६१७२.६ |

चूक आहे हे कसे ओळखावे

दुधाचे सहा आकडे कागदावर मिळवले तर बेरीज १७४.९ येते. तक्ता मात्र १६१.२ दाखवतो, म्हणजे १३.७ लिटर दूध हरवले आहे. सहा ओळींत हे हाताने तपासता येते, नव्वद ओळींत येत नाही. तिथे दुसरी खूण उपयोगी पडते: एकूण रकमेला एकूण दुधाने भागावे. ६१७२.६ भागिले १६१.२ म्हणजे सुमारे ३८.२९ रुपये प्रति लिटर. या सकाळी सर्वांत जास्त दर ३६.४० होता, आणि सरासरी सर्वोच्च दराहून अधिक असणे अशक्य आहे. म्हणून दुधाची बेरीज कमी पडली आहे किंवा रकमेची जास्त झाली आहे, एवढे निश्चित होते. शीट कितीही मोठे असले तरी ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते.

हरवलेले १३.७ लिटर म्हणजे १०२ क्रमांकाचे ७ आणि १०५ क्रमांकाचे ६.७. या दोन सेलमध्ये जे आहे ते आपल्याला संख्या दिसते, एक्सेलला मात्र तो मजकूर वाटतो. `SUM` हे सूत्र दिलेल्या रकान्यातला मजकूर गाळून पुढे जाते आणि त्याबद्दल कोणतीही सूचना देत नाही. इथेच लोक फसतात, कारण गुणाकाराचे वागणे वेगळे आहे. मजकूर म्हणून साठवलेल्या ६.७ ला दराने गुणले, तर एक्सेल त्या मजकुराची संख्या करून घेते आणि २३०.८१५ हे बरोबर उत्तर देते. त्यामुळे १०५ च्या उत्पादकाची रक्कम अचूक येते, कोणाची तक्रार येत नाही आणि बेरजेतील तूट झाकलेली राहते. १०२ च्या ओळीत "७ लि." ला गुणताना `#VALUE!` आले होते, म्हणून कोणीतरी सूत्र पुसून रक्कम हाताने लिहिली. एका चुकीवर घातलेले हे ठिगळ होते, आणि त्यामुळे मूळ चूक सेलमध्ये तशीच राहिली.

रकाना उजवीकडे ओढण्याआधी त्याला मोकळे सोडा

एक्सेलमध्ये सेलला काहीही सांगितलेले नसेल, तर संख्या आपोआप उजव्या कडेला आणि मजकूर डाव्या कडेला जातो. म्हणजे कोणता सेल संख्या नाही, हे तक्ता स्वतःच दाखवत असतो. आपण मात्र छपाईआधी संपूर्ण रकाना निवडून उजवीकडे लावण्याचे बटण दाबतो, किंवा सुंदर दिसावे म्हणून सगळे मध्यभागी आणतो, आणि ती खूण आपल्याच हाताने पुसून टाकतो. म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी उलटी आहे. दुधाचा रकाना निवडून `Format Cells` मध्ये `Alignment` खाली `Horizontal` ला `General` करावे. जे सेल डावीकडे सरकतील तेच दोषी.

लिबरऑफिस कॅल्क वापरणाऱ्यांना याहून सोपी सोय आहे. `Ctrl+F8` दाबले की संख्या निळ्या, सूत्रे हिरवी आणि मजकूर काळा दिसतो. निळ्या रकान्यातला एखादा काळा आकडा लगेच डोळ्यांत भरतो.

डोळ्यांवर विसंबायचे नसेल तर एका रिकाम्या सेलमध्ये हे सूत्र ठेवावे:

```
=COUNTA(B2:B7)-COUNT(B2:B7)
```

`COUNTA` भरलेले सगळे सेल मोजते आणि `COUNT` फक्त संख्या मोजते. आपल्या तक्त्यात उत्तर २ येईल. ते शून्य होईपर्यंत रकान्याच्या बेरजेवर विश्वास ठेवू नये.

आकडा मजकूर का होतो

"७ लि." चे कारण उघड आहे. शीर्षकात नुसते "दूध" लिहिले होते. भरणाऱ्याला ते अपुरे वाटले, म्हणून त्याने एकक सेलमध्ये लिहिले. त्याची शंका योग्यच होती, फक्त तिचे उत्तर चुकीच्या जागी लिहिले गेले. शीर्षक अर्धवट असले की एकक खाली गळते, आणि मग कोणी "लि.", कोणी "लिटर", तर कोणी काहीच लिहीत नाही.

१०५ चा ६.७ अधिक फसवा आहे, कारण त्यात एकही जादा अक्षर दिसत नाही. पूर्वी कधीतरी त्या सेलचा फॉरमॅट `Text` केला गेला होता. प्रत्येक वेळी जुन्या शीटची प्रत काढून, आकडे पुसून नवे भरले जातात. आकडे पुसले तरी फॉरमॅट मागे राहतो, म्हणून त्या सेलमध्ये टंकलेली प्रत्येक संख्या मजकूर होते. दोष परत परत त्याच ओळीत का उगवतो, याचे हे उत्तर आहे. इथे आणखी एक गैरसमज होतो. अशा सेलचा फॉरमॅट बदलून `Number` केला तरी आत आधीच असलेला मजकूर संख्या होत नाही. सेलमध्ये जाऊन `F2` आणि मग `Enter` दाबले, म्हणजे तोच आकडा नव्याने नोंदवला, तरच तो संख्या होतो.

तिसरे कारण चिकटवलेल्या आकड्यांचे. वेबपानावरून किंवा संदेशातून नकललेल्या आकड्यांमागे कधीकधी न तुटणारी मोकळी जागा चिकटून येते. ती दिसत नाही, आणि `TRIM` हे सूत्र साधी जागा काढत असले तरी ही जागा काढत नाही.

दोन-चार सेल असतील तर हाताने पुन्हा टंकणे सर्वांत बरे. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसत असेल, तर त्यावरील सूचनेतून `Convert to Number` निवडावे. संपूर्ण रकानाच मजकूर झाला असेल, तर तो निवडून `Data` मधील `Text to Columns` उघडावे आणि काहीही न बदलता `Finish` दाबावे. सेलमध्ये "लि." आणि अदृश्य जागा दोन्ही असतील, तर शेजारच्या मोकळ्या रकान्यात पुढील सूत्र लिहून खाली ओढावे आणि मग केवळ मूल्ये मूळ रकान्यात चिकटवावीत:

```
=NUMBERVALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B3,"लि.",""),UNICHAR(160),""),".",",")
```

हे सूत्र एक्सेल २०१३ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत चालते.

आता फॅटच्या रकान्यातील "४%" पाहू, कारण वरील कोणत्याही तपासणीत ते सापडत नाही. एक्सेलमध्ये `4%` टंकले की ती संख्याच होते, उजवीकडेच बसते, पण तिचे मूल्य ०.०४ असते. बाकीच्या ओळींत ३.८ किंवा ३.५ म्हणजे टक्के हे गृहीत आहे, या एकाच ओळीत टक्का मूल्यात शिरला आहे. फॅटची साधी सरासरी ३.७ यायला हवी, ती ३.०४ येते. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर सामान्यतः ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगितला जातो. सरासरी ३.०४ दिसली, तर सचिव भेसळीचा किंवा यंत्राच्या बिघाडाचा शोध घेत बसतील, आणि बिघाड असेल एका टक्केचिन्हात. यासाठी रकान्यातील सर्वांत लहान मूल्य पाहावे:

```
=MIN(C2:C7)
```

उत्तर ०.०४ आले की कारण लगेच कळते. तो सेल पुसून, त्याचा फॉरमॅट `0.0` करून त्यात ४ टंकावे.

शीर्षकात काय लिहावे

शीर्षकाने दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत: काय मोजले आणि कशात मोजले. "दूध (लि.)", "फॅट (%)", "एसएनएफ (%)", "दर (₹/लि.)", "रक्कम (₹)". एकक एकदा शीर्षकात आले की खालच्या सेलमध्ये फक्त संख्या उरते. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेत यासाठी एक सुंदर युक्तिवाद आहे. मोजलेली राशी म्हणजे संख्या गुणिले एकक. राशीला एककाने भागले की उरते ती नुसती संख्या, म्हणून शीर्षक "राशी / एकक" असे लिहावे आणि खाली संख्या लिहाव्यात. विज्ञानाच्या नियतकालिकांत ही तिरकी रेघ सर्रास दिसते. आपल्या तक्त्यांत मात्र मी कंसच सुचवेन, कारण दराच्या एककात आधीच एक तिरकी रेघ आहे आणि "दर / ₹/लि." वाचताना कोणता भागाकार कुठे संपतो ते कळत नाही.

दुधाच्या बाबतीत एकक लिहिणे ही औपचारिकता नाही. अनेक केंद्रांवर दूध मापाने, म्हणजे लिटरमध्ये घेतले जाते आणि शीतकरण केंद्रावर ते काट्यावर किलोत मोजले जाते. लॅक्टोमीटरची डिग्री २८ असेल तर एका लिटर दुधाचे वजन १.०२८ किलो भरते. आपल्या तक्त्यातील १७४.९ लिटर दूध काट्यावर सुमारे १७९.८ किलो दिसेल. दोन्ही कागदांवर शीर्षक नुसते "दूध" असेल, तर ४.९ चा फरक पाहून एका बाजूला वाटेल की माप कमी भरते आणि दुसऱ्या बाजूला वाटेल की काटा चुकीचा आहे. दोघांचेही मोजमाप बरोबर असताना माणसे एकमेकांवर संशय घेतात, हे मी पाहिले आहे आणि ते पाहणे क्लेशदायक असते. "दूध (लि.)" आणि "दूध (किलो)" एवढे लिहिले असते तर तो वाद सुरूच झाला नसता. फॅटचेही असेच आहे. संस्थेच्या हिशेबात फॅटचे टक्के असतात आणि फॅटचे किलोही असतात, म्हणून "फॅट (%)" आणि "फॅट (किलो)" हे वेगळे रकाने वेगळ्या नावांनीच लिहिले पाहिजेत.

इंग्रजीत शीर्षक करणाऱ्यांनी लिटरसाठी मोठे `L` वापरावे. लहान `l` हा एकच्या अंकासारखा दिसतो. याच कारणाने १९७९ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मोठ्या अक्षरालाही मान्यता दिली. मराठीत "लि." लिहिताना ही अडचण येत नाही.

एकक सेलमध्ये दिसायलाच हवे असेल, उदाहरणार्थ फलकावर लावायच्या एकुलत्या एका एकूण आकड्यापुढे, तर ते टंकू नये. सेलला पुढील फॉरमॅट द्यावा, म्हणजे आत संख्या राहते आणि "लि." फक्त दिसते:

```
0.0" लि."
```

संपूर्ण रकान्याला मात्र हे करू नये. नव्वद वेळा छापलेले "लि." अंकांभोवती गर्दी करते आणि नजर अंकाऐवजी अक्षरांवर अडखळते.

दशांशस्थळे आणि उजवी कड

सर्व सेल संख्या झाल्यावर ते आपोआप उजवीकडे बसतात. तरीही तक्ता वाचायला त्रास होतो, कारण `General` फॉरमॅट शेवटची शून्ये गाळतो. ३६.४० चे ३६.४ होते, ३४.७५ तसेच राहते. दोन्ही उजव्या कडेला टेकले, की ३६.४ मधला दशांशाचा ४ हा ३४.७५ मधल्या शतांशाच्या ५ खाली येतो. रुपये रुपयांखाली नाहीत आणि पैसे पैशांखाली नाहीत. पाटीवर बेरीज मांडताना एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक लिहायला आपल्याला शिकवले होते. इथे नेमका तोच नियम मोडतो. नुसते उजवीकडे लावणे पुरेसे नाही, एका रकान्यातील सर्व संख्यांची दशांशस्थळे सारखी असतील तरच उजवी कड उपयोगाची ठरते.

किती दशांशस्थळे ठेवायची ते रकान्याने ठरवावे, शीटने नाही. फॅटचे यंत्र एक दशांशस्थळ दाखवत असेल तर `0.0` हा फॉरमॅट योग्य. तिथे ३.८० लिहिणे म्हणजे यंत्राने न केलेल्या मोजमापाचा दावा करणे. उलट ४.० ऐवजी ४ लिहिले, तर उत्पादकाला वाटते की हा आकडा अंदाजाने टाकला. दुधाचे माप ज्या दशांशापर्यंत होते तेवढी स्थळे, दराला आणि रकमेला पैशांची दोन. दोन शेजारी रकान्यांची दशांशस्थळे वेगळी असणे अगदी योग्य आहे. सौंदर्यासाठी संपूर्ण शीट निवडून सगळीकडे दोन स्थळे करणे टाळावे.

शीर्षक मजकूर असल्याने आपोआप डावीकडे जाते आणि त्याखालचे अंक उजवीकडे. रकाना रुंद असेल तर शीर्षक आपल्या अंकांपासून तुटून शेजारच्या रकान्याच्या अंकांजवळ जाते, आणि फॅट वाचताना माणूस दुधाचा आकडा वाचतो. म्हणून अंकांच्या रकान्यांची शीर्षकेही उजवीकडे लावावीत. शीर्षक लांब असेल तर रकाना रुंद करण्याऐवजी नावानंतर `Alt+Enter` दाबून एकक दुसऱ्या ओळीत घ्यावे.

पहिला रकाना याला अपवाद आहे. उत्पादक क्रमांक अंकांत असला तरी ती राशी नाही. त्याची बेरीज होत नाही, त्याला एकक नाही, दशांश नाही. तो डावीकडेच ठेवावा. क्रमांक ००७ सारखे असतील तर तो रकाना मुद्दाम `Text` ठेवावा, नाहीतर पुढची शून्ये गळतील.

एका पैशाचा फरक

दशांशस्थळे सारखी केली की एक नवी तक्रार येते आणि लोकांना वाटते की दुरुस्तीनेच काहीतरी बिघडवले. १०३ ची रक्कम ९.३ गुणिले ३४.७५ म्हणजे ३२३.१७५ आहे आणि १०५ ची २३०.८१५. दोन स्थळांत त्या ३२३.१८ आणि २३०.८२ दिसतात. छापील कागदावरच्या सहा रकमा कोणी मिळवल्या तर ६,१७२.६१ येतात, पण शीटची बेरीज ६,१७२.६० दाखवते. फॉरमॅट फक्त दिसणे बदलतो, आतले मूल्य बदलत नाही, आणि `SUM` आतली मूल्ये मिळवते.

इथे निवड करावी लागते. उत्पादकाला खरोखर ३२३.१८ रुपये दिले जाणार असतील, तर तेच खरे मूल्य आहे आणि शीटनेही तेच साठवले पाहिजे:

```
=ROUND(B2*E2,2)
```

प्रत्येक ओळीत असे केल्यावर बेरीज ६,१७२.६१ होते आणि कागदाशी जुळते. पैशांच्या तक्त्यात मी नेहमी हेच करतो. मोजमापांच्या तक्त्यात, जिथे आकड्यांवर पुढे आणखी गणित होणार आहे, तिथे मात्र ओळी अशा कापू नयेत. तिथे तक्त्याखाली एका वाक्यात लिहावे की पूर्णांकनामुळे बेरजेत किंचित फरक दिसू शकतो.

दुरुस्त तक्ता असा दिसतो:

| क्र. | दूध (लि.) | फॅट (%) | एसएनएफ (%) | दर (₹/लि.) | रक्कम (₹) |
|:---|---:|---:|---:|---:|---:|
| १०१ | १२.५ | ३.८ | ८.५ | ३५.६० | ४४५.०० |
| १०२ | ७.० | ४.० | ८.६ | ३६.४० | २५४.८० |
| १०३ | ९.३ | ३.५ | ८.४ | ३४.७५ | ३२३.१८ |
| १०४ | ११८.४ | ३.६ | ८.५ | ३५.१५ | ४,१६१.७६ |
| १०५ | ६.७ | ३.४ | ८.५ | ३४.४५ | २३०.८२ |
| १०६ | २१.० | ३.९ | ८.६ | ३६.०५ | ७५७.०५ |
| एकूण | १७४.९ | | | | ६,१७२.६१ |

पहिल्या तक्त्यात ११८.४ आणि ९.३ एकाच डाव्या कडेपासून सुरू होत होते. आता १०४ चा आकडा बाकीच्यांच्या डावीकडे बाहेर आलेला दिसतो, आणि एकही अंक न वाचता कळते की या सकाळी निम्म्याहून अधिक दूध एकाच उत्पादकाकडून आले. फॅट, एसएनएफ आणि दर यांच्याखाली बेरीज मुद्दाम ठेवलेली नाही, कारण टक्क्यांची किंवा दरांची बेरीज अर्थहीन आहे.

महिन्याच्या तक्त्यात रक्कम लाखांत गेली की स्वल्पविराम भारतीय पद्धतीने पडत नाहीत, अशी तक्रार येते. `#,##0.00` हा फॉरमॅट विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे वागतो, म्हणून तीच फाइल दुसऱ्या संगणकावर वेगळी दिसते. फाइल फिरती असेल तर हा फॉरमॅट द्यावा:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0.00;[>=100000]##\,##\,##0.00;##,##0.00
```

याची मर्यादा अशी की ऋण रकमा तिसऱ्या भागात जातात, त्यामुळे उणे लाखांचे स्वल्पविराम पुन्हा परदेशी पद्धतीने पडू शकतात. पशुखाद्याची कपात उणे चिन्हाने लिहिण्यापेक्षा "कपात (₹)" असा वेगळा रकाना करून धन संख्या लिहिल्यास हा प्रश्न उरत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

जुन्या शीटची प्रत काढण्याची सवय सोडवत नसेल तर निदान एकदा कोरी, शुद्ध मूळ प्रत तयार करावी. नव्या शीटमध्ये शीर्षके एककांसह लिहावीत, प्रत्येक रकान्याचा फॉरमॅट आकडे भरण्याआधी ठरवावा आणि `Data Validation` मध्ये दुधासाठी `Decimal`, फॅटसाठी २.५ ते १० अशी मर्यादा घालावी. मग "७ लि." किंवा `4%` टंकताच एक्सेल ते नाकारते. म्हशीचे दूधही येत असेल तरी ही मर्यादा पुरेशी सैल आहे. चिकटवलेल्या आकड्यांना मात्र हा पहारा लागू होत नाही, ते न विचारता आत शिरतात. म्हणून `COUNTA` वजा `COUNT` चा सेल आणि फॅटच्या `MIN` चा सेल एकूणच्या ओळीखाली कायम ठेवावेत, आणि पहिला शून्य असल्याशिवाय बिल छापू नये.

दूध न आणलेल्या उत्पादकाचा सेल रिकामा ठेवावा. तिथे ० लिहिले तर `AVERAGE` त्याला धरून सरासरी खाली ओढते, रिकामा सेल मात्र ते सोडून देते.

फलकावर लावायची प्रत देवनागरी अंकांत हवी असेल, तर शीटमध्ये अंक इंग्रजीतच टंकून फक्त छपाईच्या प्रतीला `[$-4000439]0.00` असा फॉरमॅट द्यावा. त्याआधी वापरणार असलेल्या फाँटची एक चाचणी घ्यावी. एका सेलमध्ये ११११११ आणि त्याखाली ८८८८८८ लिहून दोन्ही उजवीकडे लावावेत. डाव्या कडा एकाच रेषेत आल्या तर त्या फाँटमधील अंक सारख्या रुंदीचे आहेत. एक कड आत आणि दुसरी बाहेर दिसली, तर दशांशस्थळे कितीही सारखी ठेवली तरी छापील रकान्यात अंक अंकाखाली येणार नाहीत, आणि फाँट बदलावा लागेल.